भिजलेला कागद आधी गोठवा, मग वाळवा

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. मावशीच्या घरी ते तळमजल्यावर छातीपर्यंत चढलं आणि 23 तारखेला सकाळी ओसरलं. माणसं वरच्या मजल्यावर सुखरूप होती. भिंतीतलं पुस्तकांचं कपाट मात्र खालीच राहिलं. त्यात साठेक पुस्तकं, दोन फोटो अल्बम, कागदपत्रांची फाइल, आजोबांची रोजनिशी आणि फडक्यात बांधलेलं मोडी कागदांचं एक गाठोडं होतं. मी रत्नागिरीहून 24 ला संध्याकाळी पोहोचले, तेव्हा मावसभाऊ आतल्या खोलीत दोऱ्या बांधत होता. कागद सुटे करून वाळत घालायचे, असा त्याचा बेत होता. मी कागद-संवर्धनाचं काम करते. मी त्याला आधी थांबवलं.

कोकणात जुलैमध्ये कागद वाळत नाही. दोरीवरचा टॉवेल तीन दिवस दमट राहतो, तर चारशे पानांचं भिजलेलं पुस्तक किती दिवस राहील? बुरशीला त्याहून खूप कमी वेळ लागतो. तिचे बीजाणू हवेत, धुळीत, प्रत्येक पुस्तकावर आधीपासून असतातच. त्यांना फक्त ओल हवी असते. उबदार, दमट हवेत ओल्या कागदावर 48 ते 72 तासांत बुरशी दिसू लागते आणि पावसाळी कोकणात 48 तासच धरून चालावं. पूर्ण बुडालेल्या पुस्तकावर बुरशी जवळजवळ वाढत नाही, कारण तिला हवाही लागते. म्हणजे घड्याळ पाणी शिरल्यापासून नाही, तर ओसरल्यापासून मोजायचं. मी पोहोचले तेव्हा मावशीच्या कपाटाचे छत्तीसेक तास संपले होते.

उरलेल्या वेळात तो ढीग वाळवणं शक्यच नव्हतं, पण गोठवणं शक्य होतं. शून्याखाली 18 अंशांवर बुरशी मरत नाही, पण तिची वाढ पूर्ण थांबते. शाई पसरायची थांबते, पानं एकमेकांना चिकटायची थांबतात, पुस्तक फुगायचं थांबतं. तशा अवस्थेत कागद कित्येक महिने राहू शकतो. मग जुलैत करायचं काम निवांतपणे, थोडं थोडं, नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत करता येतं.

ही गोष्ट जगाला फार उशिरा कळली. 4 नोव्हेंबर 1966 रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीला पूर आला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातले दहा लाखांहून अधिक ग्रंथ व कागद चिखलात गेले. विद्यार्थ्यांनी रांगा लावून ते बाहेर काढले. भिजलेली पुस्तकं तंबाखू वाळवायच्या कोठारांत नेऊन उष्णतेवर वाळवली गेली. पुस्तकं वाळली, पण पुठ्ठे आणि चामडी बांधण्या आक्रसल्या, पानं वेडीवाकडी झाली. पुढची दुरुस्ती कित्येक दशकं चालली. तिथे काम केलेले इंग्रज बांधणीकार पीटर वॉटर्स पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले. 1972 मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्निंग इथल्या काच संग्रहालयाच्या ग्रंथालयात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा भिजलेली पुस्तकं सरळ गोठवली गेली. वॉटर्स यांनी 1975 मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेतही गोठवण्यावरच भर आहे.

चिपळुणात त्या दिवशी वीज नव्हती, फ्रीज पाण्यात गेले होते. मी सोबत दोन गोष्टी आणल्या होत्या: मासळीचे थर्मोकोलचे खोके आणि बर्फ. बर्फाने कागद गोठत नाही, पण थंड राहतो आणि एखादा दिवस पदरात पडतो. खरी सोय रत्नागिरीत होती. पावसाळ्यात आइस्क्रीमचा खप पडतो आणि विक्रेत्यांचे डीप फ्रीजर रिकामे पडून असतात. ओळखीच्या एका दुकानदाराने असा एक रिकामा फ्रीजर दिला. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, त्यामुळे खाण्याच्या वस्तूंबरोबर असा माल कधीही ठेवायचा नाही. पूर्ण फ्रीजर वेगळा हवा, पिशव्या दुहेरी हव्यात. हात घालतानाही रबरी हातमोजे आणि पायात गमबूट हवेतच. लेप्टोची भीती कोकणात खरी आहे. हातापायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्यावं.

आता निवड. आणीबाणीत घरची माणसं सर्वात आधी सातबारा, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि खरेदीखताकडे धावतात. मला हा क्रम उलटा वाटतो. सातबारा पुन्हा निघतो. नोंदवलेल्या खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. दहावी-बारावीची दुय्यम गुणपत्रिका मंडळ देतं. त्यात हेलपाटे आहेत, पण कागद पुन्हा मिळतो. ज्याची नक्कल जगात कुठेच नाही, ते आधी उचलायचं: न नोंदवलेलं मृत्युपत्र, घरात केलेलं वाटणीपत्र, पत्रं, रोजनिशी, निगेटिव्ह हरवलेले फोटो. बाजारात मिळणारी पुस्तकं सर्वात शेवटी. मावशीला हे पटायला दहा मिनिटं लागली. मग तिनेच मोडी गाठोडं आणि रोजनिशी पुढे सरकवली. साठ पुस्तकांपैकी एकोणीस ठेवायची ठरली. बाकीच्यांचा पंचनाम्यासाठी फोटो काढला आणि ती सोडून दिली. ते सोडणं जड जातं, पण एकूणएक वाचवायला गेलं की सगळ्यालाच बुरशी लागते.

कपाटातून पुस्तकं काढणं हेही एक काम असतं. कागद पाणी पितो आणि फुगतो. आधुनिक पुस्तक आपल्या वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतं, जुना चिंध्यांचा कागद त्याहूनही जास्त. फळीत घट्ट बसलेली पुस्तकं इतकी फुगतात की फळीचे खिळे उपटतात. अशा वेळी वरून पुठ्ठ्याला धरून ओढलं तर पुठ्ठाच हातात येतो. आम्ही फळीच्या बाजूची पट्टी पहारीने काढली आणि पुस्तकं खालून तळव्यावर घेतली. ओलं पुस्तक उघडायचं नाही. आत काय झालंय हे पाहण्याची ओढ असते, पण ओली पानं वजनाने फाटतात आणि बांधणी निखळते.

चिखल लागलेलं पुस्तक बंद धरून, पानं घट्ट दाबून, स्वच्छ पाण्याच्या टबात हलकेच बुडवायचं आणि स्पंजने टिपायचं. घासायचं नाही, घासलं की माती कागदाच्या धाग्यांत शिरते. पण हे फक्त छापील पुस्तकांसाठी. हाताने लिहिलेलं, शिक्का मारलेलं, रंगवलेलं काहीही धुवायचं नाही. आम्ही पुस्तकंही धुतली नाहीत, कारण नळाला पाणीच नव्हतं. चिखल तसाच ठेवून गोठवलं तरी चालतं, सुकलेली माती नंतर मऊ ब्रशने निघते. वेळ आणि स्वच्छता यांत एकच निवडायचं असेल तर वेळ निवडावा.

प्रत्येक पुस्तकाभोवती बटर पेपर गुंडाळला, म्हणजे गोठताना ती एकमेकांना चिकटत नाहीत. मग कण्याकडची बाजू खाली करून प्लास्टिकच्या क्रेटमध्ये एकाच ओळीत, दाटी न करता उभी ठेवली. आडवी रचली असती तर खालच्या पुस्तकांचा आकार गेला असता. क्रेट अर्धाच भरला, कारण ओल्या पुस्तकांचं वजन फसवतं.

यात एक जात वेगळी असते, चकचकीत कागदाची. चित्रांची पुस्तकं, दिवाळी अंकांची रंगीत पानं, लग्नाच्या छापील पत्रिका. या कागदावर चिनी मातीसारख्या मातीचा गुळगुळीत लेप असतो. पाण्याने तो लेप मऊ होतो आणि वाळताना समोरासमोरची पानं गोंद लावल्यासारखी एकजीव होतात. याला दोन दिवसही लागत नाहीत, काही तासांतच ती वाळायला लागली की संपलं. म्हणून चकचकीत पुस्तक गोठवेपर्यंत ओलंच ठेवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून. मावशीकडे मंदिरांच्या शिल्पांचं एक मोठं पुस्तक होतं. ते वरच्या फळीवर अर्धं भिजून दीड दिवसात अर्धवट वाळलं होतं, त्याची वीट झाली होती. ते गेलं. त्याला सुरी लावून पानं सोडवायचा प्रयत्न मी केला नाही.

फोटोंचं गणित कागदापेक्षा निराळं आहे. फोटोतलं चित्र कागदात नसतं, कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असतं. हे जेलीत असतं तेच जिलेटिन. ते पाण्यात फुगतं, कोमट पाण्यात विरघळतं आणि पुराच्या पाण्यातले जिवाणू ते खातात. दोन ओले फोटो तोंडाला तोंड लावून वाळले तर कायमचे जोडले जातात. म्हणून फोटो वेगळे करायचे असतील तर ते ओले असतानाच, आणि थंड पाण्यात. तेवढा वेळ नसेल तर थंड स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायचे, पण दोन दिवसांपलीकडे नाही.

मावशीचा 1972 चा लग्नाचा अल्बम जुन्या पद्धतीचा होता: काळी पानं, कोपऱ्यांत त्रिकोणी खाचा, मध्ये जाळीदार कागद. आधी प्रत्येक पान मोबाइलवर टिपलं, कारण फोटोंचा क्रम आणि खाली लिहिलेली नावं अल्बम सुटला की हरवतात. पाण्याच्या टाकीतलं वरचं निवळलेलं पाणी दोन परातींत घेतलं, त्यात बर्फ घातला. एका परातीत पान बुडवून फोटो कोपऱ्यांतून आपोआप सैल होऊ दिले, दुसऱ्या परातीत हलवून माती सोडवली. फोटोच्या तोंडाला बोट लावलं नाही, कडेनेच धरलं. मग वरच्या मजल्यावर जुनी मच्छरदाणी ताणून तिच्यावर चेहरा वर करून पसरले. फोटो पातळ असतात, खालून-वरून हवा मिळाली तर दमट दिवसांतही एका रात्रीत पुष्कळ सुकतात. एकतीसपैकी एकोणतीस वाचले. ते वाळताना गुंडाळीसारखे वळले. त्यावर इस्त्री फिरवायची नाही. महिन्याभराने दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर पुस्तकांचं वजन दिलं की सरळ होतात.

1994 चा दुसरा अल्बम चिकट पानांचा आणि वर प्लास्टिकच्या आवरणाचा होता. त्यात पाणी अडकून राहतं. उघडला तेव्हा रंगीत फोटोंच्या कडांना लाल, मग पिवळी, मग पांढरी झालर आली होती. ही खूण ओळखायला शिकावं. रंगीत फोटोत रंगांचे थर एकावर एक असतात, पिवळा सर्वात खाली. वरचा थर विरघळला की उरलेल्या दोहोंचा लाल दिसतो, तोही गेला की पिवळा, आणि शेवटी कोरा कागद. झालर दिसली म्हणजे जिलेटिन कुजायला लागलंय. असा फोटो पुन्हा पाण्यात घातला तर उरलेलं चित्रही वाहून जातं. आम्ही ते आवरणाखालूनच मोबाइलवर टिपले, मग पानं तशीच पिशवीत घालून गोठवायला दिली. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटोही पाण्यात घालू नयेत, त्यांची शाई लगेच पसरते.

काच आणि फोटो यांचं एक सांगायला हवं. फ्रेममधला भिंतीवरचा फोटो काचेला चिकटला असेल तर तो ओढू नका, पापुद्रा काचेवरच राहतो. काचेसकट, काच खाली करून वाळू द्या आणि काचेतूनच त्याची नीट छबी काढून घ्या. आणि काचेवरच घेतलेले खूप जुने फोटो, एकोणिसाव्या शतकातले, कुणाकडे असतील तर ते कधीही गोठवायचे नाहीत.

फाइलमध्ये एक अडचण होती जी आपल्याकडे घरोघरी सापडेल: लॅमिनेशन. गुणपत्रिका सुरक्षित राहावी म्हणून लोक ती गरम प्लास्टिकमध्ये बंद करतात. कडेला एक बारीकशी फट असली तरी पाणी आत जातं, आणि मग बाहेर येत नाही. बाहेरून कोरडी दिसणारी गुणपत्रिका आत आठवडाभर ओली राहते आणि बुरशी प्लास्टिकच्या आत उमलते. प्लास्टिक सोलायचा मोह आवरावा, छपाई गरम गोंदाला चिकटलेली असते, ती सोबतच निघते. कागदाला धक्का न लावता कडेची पट्टी दोन बाजूंनी कापावी, म्हणजे ओल बाहेर पडायला वाट मिळते. सुटे कागद वेगळे करताना माझी एक साधी युक्ती असते: पुस्तकांना घालतात तसलं जाड पारदर्शक प्लास्टिक वरच्या ओल्या कागदावर ठेवून हलकेच दाबायचं. ओला कागद खालच्या कागदापेक्षा प्लास्टिकला जास्त धरतो, आणि प्लास्टिक उचललं की तोही उचलला जातो. बोटांनी सोडवायला गेलं की कोपरेच हातात येतात.

मोडी गाठोड्याला मी हातही लावला नाही. जुना हातकागद भक्कम असतो. काजळीची शाई पाण्यात विरघळत नाही, पण ती डिंकाने धरलेली असते, आणि ओला डिंक बोटाने पुसला जातो. फडक्यासकट ते ताटात ठेवलं, ताटासकट पिशवीत. आजोबांची रोजनिशी मात्र निळ्या फाउंटन पेनने लिहिलेली होती. कडेच्या ओळींचा निळा ढग झाला होता, आतल्या अजून वाचता येत होत्या. ती सर्वात आधी बर्फात गेली.

25 ला दुपारी खोके रत्नागिरीत फ्रीजरमध्ये पोहोचले.

वाळवायला मी नोव्हेंबरात सुरुवात केली. छापील पुस्तकं एका वेळी तीन-चारच बाहेर काढली. वितळली की ती डोक्यावर उभी करायची, पुठ्ठे काटकोनात उघडे, खाली टिपकागद. पाणी खाली झिरपतं, तो कागद बदलायचा. जरा सुटी झाल्यावर दर वीस-तीस पानांनंतर कोरा न्यूजप्रिंट घालायचा आणि दोन-तीन तासांनी बदलत राहायचा. छापलेलं वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. घातलेले कागद पुस्तकाच्या जाडीच्या पाचव्या भागापेक्षा जास्त झाले की कणा फाटतो. पंखा खोलीत फिरता हवा, पुस्तकावर रोखलेला नको. ऊन, हेअर ड्रायर, इस्त्री यांनी कडा आधी सुकते आणि आतली ओल तशीच राहते, म्हणून पुस्तक पिळल्यासारखं वाकतं. वाळलं की नाही हे पाहायला पान गालाला लावायचं. गार लागलं तर ओल आहे. सर्वात शेवटी वाळतो तो कण्यालगतचा भाग, आणि बुरशीही तिथेच आधी येते. तिथे बोट घालून पाहावं, वास घ्यावा.

रोजनिशीला हे चालणार नव्हतं. ती वितळली असती तर शाई पुन्हा पसरली असती. तिला बर्फातून पाणी न होताच वाळवायचं होतं. डांबरगोळी कपाटात पाणी न होता हवेत विरून जाते, तसाच बर्फही विरतो. फ्रीजरच्या ट्रेमधले बर्फाचे खडे काही आठवड्यांत लहान होतात ते याचमुळे. मोठ्या संवर्धन प्रयोगशाळांत हेच काम निर्वात यंत्रात जलद होतं. घरी एखाद-दुसरी वही असेल तर बर्फ न साठणाऱ्या, म्हणजे फ्रॉस्ट-फ्री फ्रीजच्या फ्रीजर कप्प्यात ते होतं, कारण त्यातला पंखा कोरडी हवा फिरवत राहतो. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात नाही. रोजनिशी मी गोठलेलीच आणून, अन्न बाहेर काढलेल्या फ्रीजरमध्ये जाळीच्या फळीवर उघड्यावर ठेवली आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. सुरुवातीला 640 ग्रॅम भरली. वजन आठवड्याला वीस-तीस ग्रॅमने उतरत गेलं, मग दहाने, आणि फेब्रुवारीत सलग तीन रविवार 412 वरच थांबलं. वजन थांबलं म्हणजे पाणी संपलं. मग ती पिशवीत बंद करून एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ दिली आणि मगच पिशवी उघडली, नाहीतर गार कागदावर हवेतलं दव बसतं.

गोठवण्याने सगळं सुटत नाही. एकोणीसपैकी तीन पुस्तकांत वितळल्यावर कण्याजवळ पांढरी कापसासारखी बुरशी निघाली. ती जुलैतच लागली होती, गोठून झोपली होती आणि ऊब मिळताच उठली. अशी पुस्तकं लगेच पिशवीत वेगळी करायची. ओली बुरशी पुसायची नाही, ती कागदात माखते. आधी पुस्तक पूर्ण कोरडं करायचं, बुरशी भुकटीसारखी झाली की घराबाहेर, एन-95 मास्क लावून, मऊ ब्रशने झटकायची. डाग राहतात. डेटॉल, ब्लीच किंवा सॅनिटायझर लावून ते जात नाहीत, शाई मात्र जाते. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम करूच नये.

चिपळुणातलं 1864 चं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 2005 च्या पुरात आणि पुन्हा 2021 मध्ये पाण्यात गेलं. अशा मोठ्या संग्रहाला एक आइस्क्रीमचा फ्रीजर पुरत नाही, तिथे शीतगृह लागतं आणि ते कुणाचं, हे पावसाळ्याआधी ठरलेलं असावं लागतं. आयत्या वेळी फोन लागत नाहीत. तसंच मोडी गाठोड्यासारखं काही असेल तर ते गोठलेलंच जाणकाराकडे द्यावं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आहे.

मावशीचं गाठोडं एका सहकाऱ्याने पान-पान करून सोडवलं. त्याला चार महिने लागले. रोजनिशीतल्या कडेच्या ओळी परत आल्या नाहीत. प्रत्येक पानाची डावीकडची तीन-चार अक्षरं निळ्या ढगात आहेत आणि मावशी ती अंदाजाने वाचते. मावसभावाने कपाट आता जिन्यावरच्या खोलीत हलवलंय.